टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं, आक्रसलेली वृषणं, रिकामं वीर्य आणि दाट रक्त: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांचे प्रश्न बहुधा त्याच क्रमाने येतात. आधी "गोळी चांगली की इंजेक्शन?", मग काही महिन्यांनी हळू आवाजात "डॉक्टर, जरा लहान झाल्यासारखं वाटतंय", आणि वर्षभराने बायकोला सोबत घेऊन "मूल होत नाहीये". खालची उत्तरं एका गृहस्थांच्या फाइलभोवती फिरतात. वय 34, दर दोन आठवड्यांनी 250 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनान्थेटचं इंजेक्शन, असं दहा महिने चाललेलं. ओळख पटू नये म्हणून इतर तपशील बदलले आहेत.

औषध टेस्टोस्टेरॉनचंच आहे, मग वृषणं वाढायला हवीत. ती लहान का होतात?

कारण वृषणांना कामाचा हुकूम वरून येतो, आणि बाहेरचं औषध तो हुकूमच बंद पाडतं.

मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. ती दोन हार्मोन्स रक्तात सोडते. एलएच वृषणातल्या एका प्रकारच्या पेशींना टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं, तर एफएसएच दुसऱ्या प्रकारच्या पेशींकडून शुक्राणू वाढवून घेतं. रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरेसं आहे असं मेंदूला दिसलं की तो हे दोन्ही हुकूम कमी करतो. पाण्याची टाकी भरली की मोटार बंद करतो तसंच. मात्र टाकी कुठल्या नळाने भरली हे मेंदूला कळत नाही. इंजेक्शनने भरली तरी त्याच्या लेखी ती भरलेलीच असते, म्हणून मोटार बंद राहते.

वृषणाच्या आकारमानाचा मोठा भाग, साधारण 80 टक्क्यांच्या वर, शुक्राणू बनवणाऱ्या बारीक नळ्यांचा असतो. काम थांबलं की त्या नळ्या रोडावतात, म्हणून वृषण हाताला लहान लागतं आणि पूर्वीपेक्षा मऊही वाटतं. हार्मोन बनवणाऱ्या पेशींचा वाटा थोडा असतो, त्या गेल्या तरी आकारात फार फरक पडणार नाही. म्हणजे आकार घटला याचा खरा अर्थ शुक्राणूंचं उत्पादन बंद पडलंय असा होतो. ही गोष्ट लोकांना बहुधा उशिरा कळते. आधी ते आरशासमोर उभे राहून चिंता करतात, आणि मुलाचा विचार सुरू झाल्यावर दुसरी बाजू समोर येते.

नक्की किती लहान झालंय हे कसं समजतं? माझा भास तर नसेल?

भास असू शकतो, म्हणूनच मोजतात. यासाठी एक साधंच साधन आहे: वेगवेगळ्या आकाराच्या लांबट मण्यांची माळ, आणि प्रत्येक मण्यावर मिलिलिटरमध्ये आकडा. सर्वात छोटा मणी 1 चा, सर्वात मोठा 25 चा. डॉक्टर एका हाताने वृषण आणि दुसऱ्या हाताने मणी चाचपून जुळणारा मणी शोधतात. प्रौढ पुरुषात साधारण 15 ते 25 मिलिलिटर दिसतं. नेमका आकडा हवा असेल तर सोनोग्राफी करतात.

आपल्या गृहस्थांची सुरुवातीची नोंद कुठेच नव्हती. हीच खरी चूक. इंजेक्शन सुरू करताना कोणी माळ हातात घेतली नाही, म्हणून दहा महिन्यांनी दोन्ही बाजूंना 12 निघाले तेव्हा आधी किती होते हे सांगता येईना. त्यांचं स्वतःचं म्हणणं "पूर्वी बरेच मोठे होते" एवढंच.

एक सूचना. दोन्ही बाजू सारख्या लहान होत असतील तर औषधाचा परिणाम म्हणून बघता येतं. एकच बाजू बदलली, तीत गाठ लागली किंवा ती कडक झाली, तर त्याचा दोष इंजेक्शनवर ढकलून थांबू नका. ते लगेच दाखवायचं असतं.

शुक्राणू खरंच शून्यावर येतात का? रक्तातलं टेस्टोस्टेरॉन तर चांगलं वर असतं.

येतात, आणि तेही बऱ्याच पुरुषांमध्ये. शुक्राणूंना रक्तातलं टेस्टोस्टेरॉन पुरत नाही. वृषणाच्या आत त्याचं प्रमाण रक्ताच्या कितीतरी पटींनी जास्त असावं लागतं, आणि ते फक्त वृषणाने स्वतः बनवलं तरच तिथे साठतं. एलएच बंद झालं की आतला साठा कोसळतो. रक्ताच्या रिपोर्टमध्ये टेस्टोस्टेरॉन भरपूर आणि वृषणाच्या आत दुष्काळ, अशी ही अवस्था.

याचा पुरावा वेगळ्याच बाजूने मिळालेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांकडे पुरुषांसाठीचं गर्भनिरोधक म्हणून पाहिलं. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत निरोगी पुरुषांना दर आठवड्याला 200 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनान्थेट दिलं गेलं. सहा महिन्यांत निम्म्याहून जास्त पुरुषांचे शुक्राणू शून्यावर आले. जे औषध गर्भनिरोधक म्हणून तपासलं गेलं, तेच मूल हवं असणारा माणूस ताकदीसाठी घेत असतो.

पण याचा उलटा अर्थही काढू नका. सगळ्यांचे शून्य होत नाहीत, काहींचे थोडे उरतात. त्यामुळे "मी इंजेक्शन घेतोय, काळजी नको" असं गर्भनिरोधकाच्या बाबतीत म्हणू नये.

वीर्य तर पूर्वीइतकंच येतं. मग शुक्राणू असणारच ना?

नाही. वीर्याचा जवळजवळ सगळा द्रव प्रोस्टेट आणि शुक्राशय या ग्रंथींकडून येतो. शुक्राणूंचा त्यातला वाटा इतका लहान असतो की ते आहेत की नाहीत हे डोळ्यांनी किंवा प्रमाणावरून ओळखता येत नाही. उलट टेस्टोस्टेरॉन चढलेलं असल्याने कामेच्छा, ताठरता, वीर्याचं प्रमाण सगळं छान चाललेलं असतं. आपल्या गृहस्थांचा रिपोर्ट आला तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य हेच होतं: "साहेब, लॅबने नमुना बदलला असेल."

नमुना बदलला नव्हता. तरी अशा निकालावर एका चाचणीने शिक्का मारत नाहीत. दोन ते पाच दिवसांच्या संयमानंतर दुसरा नमुना घेतला, तोही शून्य. मग लॅबने नमुना फिरवून तळाशी बसलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली शोधून पाहिला. एखाद-दुसरा शुक्राणू सापडला तरी पुढचे निर्णय बदलतात, म्हणून तो शोध महत्त्वाचा. तिथेही काही नव्हतं.

शून्य म्हणजे कायमचं वंध्यत्व का?

इथे एका स्वस्त रक्ततपासणीवर खूप काही अवलंबून असतं: एलएच आणि एफएसएच. शुक्राणू शून्य आणि एफएसएच खूप वाढलेलं असेल, तर वरून हुकूम येतोय पण कारखानाच मोडलाय, असा अर्थ निघू शकतो. शून्य आणि एफएसएच जवळपास नाहीसंच, तर कारखाना बहुधा शाबूत आहे, हुकूमच आलेला नाही. आपल्या गृहस्थांचे दोन्ही हार्मोन्स मोजता येण्याच्या मर्यादेच्याही खाली होते. शून्याचा रिपोर्ट हातात असताना त्यांना मिळालेली ही पहिली चांगली बातमी.

गर्भनिरोधक चाचण्यांमधले पुरुष इंजेक्शनं बंद केल्यावर कसे सावरले याची एकत्रित आकडेवारी 2006 साली 'लॅन्सेट'मध्ये आली. दर मिलिलिटरमागे 2 कोटी शुक्राणूंपर्यंत सहा महिन्यांत सुमारे दोन तृतीयांश पुरुष पोहोचले, वर्षभरात दहापैकी नऊ, आणि दोन वर्षांत जवळपास सगळे. पण हे लक्षात ठेवा की ते मुळात निरोगी आणि बहुतेक तरुण होते. ज्यांची संख्या आधीच कमी होती, ज्यांनी वर्षानुवर्षं जास्त डोस घेतला किंवा व्यायामशाळेत एकावर एक स्टेरॉइड्स चढवली, त्यांना तेवढीच हमी देता येत नाही.

बंद केल्यावर लगेच का परतत नाहीत?

शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. आज कारखाना सुरू झाला तरी पहिला माल बाहेर पडायला तेवढे दिवस जाणारच. त्याआधी औषध अंगातून उतरायला हवं, आणि पिट्युटरीनेही झोपेतून उठायला हवं. एनान्थेट काही आठवड्यांत उतरतं. टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएटचं 1000 मिलिग्रॅमचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन घेतलं असेल तर ते कित्येक महिने रेंगाळतं.

मधल्या काळाबद्दल कोणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. बाहेरचं बंद झालेलं आणि आतलं सुरू न झालेलं अशा काही आठवड्यांत माणूस अक्षरशः गळून जातो. थकवा, चिडचिड, इच्छा नाही, झोप धड नाही. बरेच जण इथेच हरतात आणि "माझं शरीर औषधाशिवाय चालतच नाही" म्हणत परत इंजेक्शन घेतात. म्हणून बंद करायचं ते डॉक्टरांना सांगून, पुढच्या तयारीनिशी.

ही मधली तयारी म्हणजे नक्की काय करतात?

आपल्या गृहस्थांना एचसीजीची इंजेक्शनं दिली, एक दिवसाआड 3000 युनिट, आणि सोबत क्लोमिफीनची 25 मिलिग्रॅमची गोळी. एचसीजी हे गरोदरपणातलं हार्मोन, पण वृषणाला ते एलएचसारखंच वाटतं, त्यामुळे पिट्युटरी झोपलेली असतानाही आतलं टेस्टोस्टेरॉन बनू लागतं. क्लोमिफीन मेंदूला भासवतं की हार्मोन कमी पडतंय, म्हणून तो स्वतःचे हुकूम वाढवतो. (एचसीजी चालू असताना पुरुषाने गंमत म्हणून गर्भधारणेची पट्टी वापरली तर ती पॉझिटिव्ह येऊ शकते. एकाने तसं केलं आणि रात्री अकराला फोन केला.)

चौथ्या महिन्यात रिपोर्टवर 8 लाख प्रति मिलिलिटर दिसले. ते 'नॉर्मल'पासून खूप दूर, पण शून्य नव्हते. सातव्या महिन्यात 90 लाख, दहाव्यात 2 कोटी 20 लाख. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत खालची मर्यादा 1 कोटी 60 लाख धरली आहे. माळेवरचा मणी 12 वरून 15 वर गेला.

हा डोस तुमचा डोस नाही. या औषधांनी स्तन दुखणं, दृष्टीत बदल, मूड बिघडणं असे प्रकार होऊ शकतात आणि रक्ततपासणीवर प्रमाण बदलावं लागतं.

मूल हवंय आणि टेस्टोस्टेरॉनही सोडायचं नाही. दोन्ही जमेल का?

टेस्टोस्टेरॉनसोबत कमी प्रमाणात एचसीजी देऊन काहींचे शुक्राणू टिकवता आले आहेत, पण अभ्यास छोटे आहेत. माझं मत सरळ आहे: पुढच्या वर्षभरात मूल हवं असेल तर टेस्टोस्टेरॉन सुरूच करू नका. गरज असेल तर वृषणाला चालना देणारी औषधं आधी बघा. आणि सुरू करायचंच ठरलं असेल, तर आधी वीर्यतपासणी करून नमुना गोठवून ठेवा. एका सकाळचं काम आहे.

इंजेक्शनऐवजी त्वचेवर लावायचं जेल घेतलं तर हे टळेल, असा एक समज आहे. जेलनेही मेंदूचा हुकूम दबतो. दबण्याचं प्रमाण मागे-पुढे होईल, पण "जेल म्हणून चालतं" असं नाही.

रक्त दाट होतं म्हणजे काय? नळीत जास्त घट्ट होतं का?

थोडंफार तसंच. रक्तात लाल पेशी आणि पातळ द्रव असतो. 100 मिलिलिटर रक्तात लाल पेशींनी किती जागा व्यापली आहे त्याला हिमॅटोक्रिट म्हणतात. पुरुषांमध्ये साधारण 40 ते 50 टक्के. आपल्या गृहस्थांचं 55 होतं आणि हिमोग्लोबिन 18.4. म्हणजे रक्ताचा निम्म्याहून अधिक भाग पेशींचाच. असं रक्त पातळ द्रवासारखं सहज वाहत नाही, घट्टपणा वाढतो.

याचं कारण पुन्हा टेस्टोस्टेरॉनच. ते मूत्रपिंडाला लाल पेशींचा संदेश वाढवायला लावतं, शिवाय लोहाला अडवून धरणारं हेप्सिडिन नावाचं एक हार्मोन कमी करतं. लोह मोकळं झालं की अस्थिमज्जा पेशी बनवत सुटते. म्हणूनच कमी टेस्टोस्टेरॉन असणाऱ्यांचा सौम्य ॲनिमिया या औषधाने भरून निघतो. एकाच गुणाची ही दुसरी बाजू.

इंजेक्शनने हे जेलपेक्षा जास्त होतं. 250 मिलिग्रॅम टोचलं की पुढचे दोन-तीन दिवस पातळी खूप चढते आणि दोन आठवड्यांच्या शेवटी खाली येते. मज्जेला तो चढ पुरेसा असतो.

कळणार कसं? काही लक्षणं असतात का?

बहुतेकांना काहीच जाणवत नाही, म्हणून तपासणीला पर्याय नाही. काहींना डोकं जड होणं, चेहरा लालसर दिसणं, धूसर दिसणं, चक्कर असं होतं. आपल्या गृहस्थांना काहीच नव्हतं. बायको फक्त म्हणायची, "आजकाल चेहरा तांबूस दिसतो तुझा." त्यांना ते तब्येतीचं लक्षण वाटत होतं.

एका पायाला सूज आणि दुखणं, अचानक दम लागणं, छातीत दुखणं, बोलणं अडखळणं, हातपाय लुळे पडणं यांपैकी काहीही झालं तर रिपोर्टची वाट न पाहता थेट इमर्जन्सीमध्ये जा.

तपासणीचा क्रम असा असतो: सुरू करण्याआधी एकदा, मग तीन ते सहा महिन्यांत, त्यानंतर दरवर्षी. डोस बदलला की पुन्हा. आमच्या गृहस्थांचं दहा महिन्यांत एकदाही झालेलं नव्हतं. अशी तपासणी करायला हवी हे आधी कुणी सांगितलंच नाही म्हणे.

हिमॅटोक्रिट 54 च्या वर गेलं की औषध थांबवा म्हणतात. हा 54 आकडा कुठून आला?

अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीच्या 2018 च्या मार्गदर्शिकेत तो आहे: हिमॅटोक्रिट 54 च्या वर गेलं तर टेस्टोस्टेरॉन थांबवा, खाली आलं की कमी डोसने सुरू करण्याचा विचार करा. 53 वर सुरक्षित आणि 55 वर धोका अशी ती भिंत नाही, कुठेतरी रेघ मारावी लागते म्हणून मारली आहे.

दाट रक्ताचा धोका नेमका किती, हे मात्र वादाचंच आहे. 2023 साली आलेल्या 'ट्रॅव्हर्स' चाचणीत पाच हजारांहून अधिक पुरुषांना टेस्टोस्टेरॉनचं जेल किंवा तसंच दिसणारं पण औषध नसलेलं जेल दिलं गेलं. हृदयविकाराच्या झटक्यासारख्या मोठ्या घटना दोन्ही गटांत साधारण सारख्याच, 7 टक्क्यांच्या आसपास होत्या. मात्र फुफ्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी आणि हृदयाची अनियमित लय टेस्टोस्टेरॉनच्या गटात जास्त दिसली. शिवाय ती चाचणी जेलची आणि देखरेखीखालची होती. दोन आठवड्यांतून एकदा एकदम टोचणाऱ्या आणि रक्त न तपासणाऱ्या माणसाला त्या दिलाशाचा आधार घेता येत नाही.

रक्तदान केलं की झालं ना?

ही युक्ती सगळ्यांना माहीत असते. एका पिशवीने हिमॅटोक्रिट साधारण तीन टक्क्यांनी खाली येतं, पण औषध त्याच डोसने चालू असेल तर मज्जा ते भरून काढते. परत पिशवी, परत भरणं. यात लोह संपत जातं, आणि माणूस दाट रक्तातही लोहाच्या कमतरतेने थकतो. मग त्या थकव्यासाठी टेस्टोस्टेरॉनचा डोस वाढवतो! हे चक्र मी पाहिलं आहे.

आधी कारण कमी करा: डोस घटवणं, दोन आठवड्यांऐवजी कमी प्रमाणात दर आठवड्याला घेणं, किंवा जेलकडे वळणं. घोरण्यासोबत झोपेत श्वास थांबणं आणि धूम्रपान यांनीही रक्त दाट होतं, म्हणून तेही बघावं लागतं. आणि पाणी कमी प्यालेल्या दिवशीची तपासणी फसवी असते. आपल्या गृहस्थांची दुसरी तपासणी भरपूर पाणी पिऊन केली तेव्हाही 54 आलं, म्हणजे तो निव्वळ कोरडेपणा नव्हता.

इंजेक्शन बंद झाल्यावर सहाव्या आठवड्यात ते 51 वर आणि तीन महिन्यांत 47 वर आलं. लाल पेशी सुमारे 120 दिवस जगतात, जुन्या झिजत जातात, म्हणून ते हळूहळूच उतरतं.

मुळात या गृहस्थांना टेस्टोस्टेरॉनची गरज होती का?

हा प्रश्न मी शेवटी ठेवला, पण तो सर्वात आधी विचारायला हवा होता. त्यांची सुरुवातीची तपासणी एकदाच, दुपारी साडेतीनला, रात्रपाळीहून परतल्यावर झोप न घेता झाली होती. आकडा 260 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त असतं आणि दुपारी घसरतं, झोप नसेल तर आणखी घसरतं. निदानासाठी सकाळी लवकर, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी मोजावं लागतं, आणि दोन्ही वेळा कमी आलं तर एलएच बघून कारण शोधायचं असतं. यातलं काहीच झालं नव्हतं. त्यांना थकवा होता, तो खरा होता, आणि त्याला सुई टोचली गेली.

उपचाराच्या दहाव्या महिन्यातल्या वीर्यतपासणीनंतर सगळी औषधं थांबवली. तीन महिन्यांनी, रात्रपाळी सुटलेली असताना, सकाळी आठ वाजता दोनदा तपासलं. पहिल्यांदा 430, दुसऱ्यांदा 410.